फोनमधलं सरकारी चलन: दोन कप्पे आणि अडकलेला व्यवहार

वाचकाचं पत्र:

"बँकेच्या अ‍ॅपवरून मी रोज पैसे देतेच. मग मध्यवर्ती बँकेचं डिजिटल चलन फोनमधल्या पाकिटात आलं, तर माझ्या खरेदीत नेमकं काय बदलेल? नेटवर्क नसतानाही पैसे देता येतील म्हणतात, ते कसं? आणि व्यवहार मध्येच अडकला किंवा फोनच हरवला, तर पैसे कोणाकडे मागायचे?"

उत्तर:

पडद्यावर फारसं काही बदलणार नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. कोड स्कॅन करायचा, रक्कम बघायची, पिन टाकायचा, हे सगळं तसंच राहील. बदलतं ते त्यामागे. बँकेच्या अ‍ॅपवरून तुम्ही पैसे देता तेव्हा खरं तर पैसे जात नाहीत, जातो तो निरोप: माझ्या खात्यातून इतके वजा करा, दुकानदाराच्या खात्यात इतके जमा करा. दोन्ही बँका आपापल्या वहीत नोंद करतात आणि एकमेकींचा हिशेब नंतर मिटवतात. खात्यातली शिल्लक म्हणजे बँक तुमचं देणं लागते ती रक्कम. डिजिटल चलन मात्र नोटेसारखं थेट मध्यवर्ती बँकेचं देणं असतं. ते हातातून हातात गेलं की व्यवहार तिथेच पुरा झाला, मागे काही मिटवायचं उरत नाही.

पाकीट तुम्हाला एखादी बँक किंवा पेमेंट कंपनी देईल, ओळख तीच तपासेल, अ‍ॅपही तिचंच असेल. पण पाकिटातले पैसे तिच्या ताळेबंदात नसतात. उद्या ती बँक बुडाली तरी तुमची रक्कम मध्यवर्ती बँकेच्या खातेवहीत जशीच्या तशी राहते, आणि तुम्ही दुसऱ्या कोणाचं पाकीट घेऊन ती तिथे चालवू शकता.

आता दुकानातला साधा, नेटवर्क असलेला व्यवहार बघू. पाकिटात २६० आहेत आणि बिल १८३ चं झालं. दुकानाच्या यंत्रावर आलेल्या क्यूआर कोडमध्ये तीन गोष्टी असतात: दुकानाच्या पाकिटाचा क्रमांक, रक्कम आणि त्या बिलाचा संदर्भ क्रमांक. तुमचा फोन दुकानाचं नाव आणि रक्कम दाखवतो, तुम्ही पिन टाकता, आणि फोन त्या आदेशावर तुमच्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करतो. आदेश पाकीट देणाऱ्या बँकेमार्फत मुख्य खातेवहीपर्यंत जातो. तिथे सही खरी आहे का, शिल्लक पुरते का, तुमची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे तपासून एकाच झटक्यात तुमच्याकडचे १८३ कमी होतात आणि दुकानाकडे वाढतात. दोन्ही होतं किंवा दोन्ही होत नाही, अर्धवट काही राहत नाही. मग दोन्ही बाजूंना पोच येते आणि दुकानदार ते पैसे त्याच क्षणी पुढे वापरू शकतो.

काही देशांत पाकिटात नुसती शिल्लक नसते, तर डिजिटल नोटा-नाणी असतात. भारतात १ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेल्या किरकोळ ई-रुपयाच्या प्रयोगात कागदी नोटा आणि नाण्यांच्याच किमतीचे टोकन ठेवले आहेत. अशा रचनेत तुमचे २६० म्हणजे १०० चे दोन, ५० चा एक आणि १० चा एक असू शकतात. १८३ द्यायचे तर १०० चे दोन जातात आणि १७ सुटे परत येतात: १०, ५ आणि २. हे अ‍ॅप स्वतःच जुळवून घेतं. तुम्हाला शिल्लक ७७ दिसते.

बिल ३४० चं असतं तर? नियोजित डिजिटल युरोच्या रचनेत यासाठी सोय सुचवलेली आहे. पाकिटाला बँक खातं जोडलेलं असेल, तर कमी पडणारे ८० त्याच वेळी खात्यातून ओढले जातात आणि दुकानाला ३४० एकरकमी मिळतात. उलट बाजूनेही तेच. पाकिटात किती ठेवायचं याला कमाल मर्यादा असते. ती ३,००० धरली, पाकिटात २,९०० असले आणि कोणी ४०० पाठवले, तर १०० पाकिटात राहतात आणि ३०० आपोआप बँक खात्यात जातात. मर्यादा यासाठी की लोकांनी घाबरून सगळ्या ठेवी पाकिटात हलवल्या तर बँकांकडे कर्ज द्यायला पैसाच उरणार नाही. बहामाच्या सँड डॉलर या डिजिटल चलनात सरकारी ओळखपत्राशिवाय मिळणाऱ्या सर्वांत खालच्या पाकिटाची मर्यादा ५०० बहामी डॉलर ठेवली गेली. ओळख जितकी पक्की, तितकी मर्यादा मोठी, असंच बहुतेक ठिकाणी दिसतं. एक लक्षात ठेवा: खात्यातून पैसे ओढणारा व्यवहार दोन यंत्रणांवर अवलंबून असतो. बँकेची यंत्रणा बंद असेल तर पाकीट चालू असूनही तो फसतो. म्हणून रोजच्या खरेदीपुरती रक्कम आधीच पाकिटात असलेली बरी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नेटवर्क नसतानाचा. नेटवर्क नसलं की अडचण एकच असते: तेच पैसे दोनदा खर्च होणं. डिजिटल माहितीची नक्कल कितीही वेळा काढता येते. नेटवर्क असताना मुख्य खातेवही पहारा देते. नसताना हा पहारा फोनमधल्या एका वेगळ्या, सुरक्षित चिपला करावा लागतो. या चिपमधली किल्ली बाहेर वाचता येत नाही, आणि अ‍ॅपलाही तिच्यातली शिल्लक मनाप्रमाणे बदलता येत नाही. त्यामुळे अशा पाकिटात दोन कप्पे होतात. ऑनलाइन कप्प्यातला पैसा खातेवहीत असतो आणि फोन ही फक्त त्याची किल्ली असते. ऑफलाइन कप्प्यातला पैसा मात्र खरोखर त्या चिपमध्ये असतो. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न तुमचे पैसे कोणत्या कप्प्यात आहेत यावरच ठरतात. चांगल्या पाकिटात हे दोन आकडे वेगवेगळे दिसायला हवेत. दोन्हींची बेरीज करून एकच आकडा दाखवणारं अ‍ॅप ग्राहकाची फसगत करतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऑफलाइन कप्पा आधी भरावा लागतो, आणि तेही नेटवर्क असताना. समजा तुम्ही १०० तिकडे हलवले. दुकानात नेटवर्क नाही आणि बिल ४५ चं आहे. दुकानदार त्याचं यंत्र किंवा फोन पुढे करतो, तुम्ही तुमचा फोन त्याला जवळजवळ चिकटवता. एनएफसी, म्हणजे फोन टेकवून माहिती देण्याघेण्याचं तंत्र, त्याचा पल्ला प्रत्यक्षात चारेक सेंटिमीटरचाच असतो. आधी दोन्ही चिपा एकमेकींचं प्रमाणपत्र तपासतात, म्हणजे समोरची चिप मान्यताप्राप्त आहे याची खात्री करतात. मग दुकानाच्या चिपकडून रक्कम येते. तुम्ही ती पडद्यावर वाचून पिन टाकता. तुमची चिप स्वतःची शिल्लक १०० वरून ५५ करते आणि त्यानंतरच सही केलेला संदेश पाठवते: या चिपकडून त्या चिपला ४५, अनुक्रमांक १२. दुकानाची चिप सही तपासते, हा अनुक्रमांक आधी आलेला नाही ना हे बघते, आपली शिल्लक ४५ ने वाढवते आणि पोच परत देते.

आधी वजाबाकी आणि मग संदेश, हा क्रम मुद्दाम ठेवलेला असतो. उलटा क्रम असता आणि मध्येच कोणी फोन उचलला असता, तर दुकानाला ४५ मिळाले असते आणि तुमच्याकडेही १०० राहिले असते. म्हणजे पैसा हवेतून तयार झाला असता, आणि कोणत्याही चलनाला ते परवडणार नाही. म्हणून दुसरा धोका पत्करला जातो: तुमच्याकडून कमी झाले, पण दुकानात पोचले नाहीत. रांगेत घाई असते, फोन 'टिंग' वाजायच्या आत उचलला जातो, आणि पडद्यावर 'व्यवहार अपूर्ण' येतं. शिल्लक ५५ दिसते, दुकानदार म्हणतो काहीच आलं नाही, आणि दोघांचंही म्हणणं खरं असतं.

इथे काय करायचं हे नीट समजून घ्या. तो सही केलेला संदेश तुमच्या चिपमध्ये जपून ठेवलेला असतो. फोन पुन्हा त्याच यंत्रावर टेकवला आणि 'अपूर्ण व्यवहार पुरा करा' निवडलं, की चिप तोच १२ क्रमांकाचा संदेश पुन्हा पाठवते. दुकानाच्या चिपला तो आधी मिळालाच नसेल, तर ती आता रक्कम जमा करते. मिळाला असेल आणि फक्त पोच हरवली असेल, तर ती रक्कम वाढवत नाही, नुसतं 'मिळाले' असं कळवते. कसंही झालं तरी दोनदा पैसे जात नाहीत. मात्र नव्याने ४५ चा व्यवहार सुरू केला तर त्याला १३ हा वेगळा क्रमांक मिळतो, आणि तो वेगळाच खर्च ठरतो. शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर टेकवूनही उपयोग नाही, कारण संदेश पहिल्या यंत्राच्या चिपच्याच नावे आहे. ते यंत्रच बंद पडलं असेल, तर दोन्ही बाजू ऑनलाइन आल्यावर नोंदी ताडून रक्कम परत करायची सोय पाकिटात आहे का, हे ते घेतानाच विचारा. प्रत्येक रचनेत ती असेलच असं नाही.

याच कारणाने दुकानात नुसता छापील क्यूआर कोड चिकटवलेला असेल तर अशी ऑफलाइन देवाणघेवाण होणार नाही. कागदाला चिप नसते, त्यामुळे तुमची सही तपासणारं आणि पैसे ठेवून घेणारं तिथे कोणी नसतं. तुमच्या फोनमध्येही योग्य चिप हवी आणि ती वापरायला फोन बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅपला वाट मोकळी करून दिलेली हवी. ते नसेल तर चिप असलेलं कार्ड किंवा खास सिम हा पर्याय काही ठिकाणी दिला जातो.

फोनची बॅटरी पार संपली असेल तर? चिप इतकी कमी वीज खाते की दुकानाच्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनही ती चालू शकते. पण पडदा बंद असल्यामुळे रक्कम वाचता येत नाही आणि पिनही टाकता येत नाही. त्यामुळे अशी सोय दिलीच, तर ती लहान रकमांपुरतीच ठेवणं शहाणपणाचं.

'ऑफलाइन' या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या रचना विकल्या जातात, आणि ग्राहकापेक्षा दुकानदाराला हा फरक जास्त जाणवतो. आंतरराष्ट्रीय हिशेब बँकेच्या, म्हणजे बीआयएसच्या, पोलारिस प्रकल्पाने २०२३ मध्ये त्यांची नीट विभागणी मांडली. पहिल्या प्रकारात मिळालेले पैसे नेटवर्कशिवाय कितीही वेळा पुढे देता येतात. दुसऱ्यात पुढे देता येतात, पण काही व्यवहारांनंतर किंवा काही दिवसांनी एकदा तरी ऑनलाइन येऊन नोंदी जुळवाव्या लागतात. तिसऱ्यात दुकानदाराला फक्त सही केलेलं वचन मिळतं, ऑनलाइन येईपर्यंत तो ते पैसे वापरू शकत नाही, आणि तोवर व्यवहार पक्का झालेला नसतो. तुमचं एखादं लहान दुकान असेल, आणि सकाळी आलेले पैसे दुपारी माल आणायला लागत असतील, तर तिसरा प्रकार तुमच्या कामाचा नाही.

चिप अभेद्य आहे असं कोणीही जाणकार म्हणणार नाही. ती फोडायला लागणारा खर्च फोडून मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त राहावा, एवढाच प्रयत्न असतो. ऑफलाइन कप्प्याला लहान मर्यादा, दर व्यवहाराला कमाल रक्कम आणि अधूनमधून ऑनलाइन येण्याची सक्ती असते ती यासाठीच. अशी सक्ती असलेल्या पाकिटाने एखाद्या दिवशी शिल्लक असूनही व्यवहार नाकारला, तर आधी हेच तपासा. बहुतेक वेळा फोन काही मिनिटं नेटवर्कवर आणला, नोंदी जुळल्या, की तो पूर्ववत चालतो.

नेटवर्क असतानाही व्यवहार अडकतो, पण त्याचं कारण निराळं. आदेश खातेवहीपर्यंत पोचला, तिथे पैसे हललेही, पण पोच परत येताना नेटवर्क तुटलं. फोन 'पेंडिंग' दाखवतो. अशा वेळी पुन्हा स्कॅन करून नव्याने पैसे देऊ नका. आधी पाकिटातल्या व्यवहारांच्या यादीत जा आणि त्या व्यवहाराची स्थिती ताजी करा. एका संदर्भ क्रमांकाचा आदेश खातेवही एकदाच मान्य करते, त्यामुळे अ‍ॅपमधून तोच व्यवहार पुन्हा पाठवणं सुरक्षित असतं. यंत्रावर नवा कोड काढायला लावला की संदर्भ क्रमांक नवा होतो, आणि दोनदा पैसे जातात ते असे. दुकानदारानेही ग्राहकाच्या फोनवरची हिरवी खूण बघून माल देऊ नये. ते चित्र सहज बनवता येतं. त्याच्या स्वतःच्या यंत्रावर पोच आली, तरच पैसे आले.

एकदा पुरा झालेला व्यवहार मागे फिरवता येत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. कार्डावर वाद घातला की काही वेळा बँक रक्कम परत खेचून आणते. इथे तशी वाट आपोआप नसते. माल परत केला तर दुकानदाराला तुमच्याकडे नवा व्यवहार करावा लागतो, आणि चुकीच्या पाकिटाला पैसे गेले तर समोरच्याच्या संमतीशिवाय ते सहसा परत येत नाहीत. म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा. नुसती रक्कम वाचून भागत नाही. तक्रार करायची ती पाकीट देणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे, कारण ओळख, अ‍ॅप आणि मदतकेंद्र तिच्याकडे असतं. तक्रारीत व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम द्या. ऑफलाइन व्यवहार असेल तर दुकानाच्या यंत्राची ओळखही लिहा. तिथे दाद लागली नाही तरच वरच्या तक्रार यंत्रणेकडे जायचं.

मुख्य यंत्रणाच बंद पडली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. पूर्व कॅरिबियन मध्यवर्ती बँकेचं डीकॅश हे डिजिटल चलन जानेवारी २०२२ मध्ये बंद पडलं आणि मार्चमध्ये पुन्हा सुरू झालं. कारण होतं यंत्रणेतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपणं. शिल्लक बुडाली नाही, पण तोवर ती खर्चही करता आली नाही. ऑफलाइन कप्पा का हवा आणि सगळे पैसे एकाच पाकिटात का ठेवू नयेत, हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

राहिला हरवलेला फोन. इथे दोन कप्प्यांचा फरक सगळ्यात जास्त भोवतो. ऑनलाइन कप्प्यातला पैसा फोनमध्ये नव्हताच. दुसऱ्या फोनवरून किंवा फोन करून पाकीट लगेच गोठवायला सांगा, सिम बंद करा, नवं सिम आणि नवा फोन आला की ओळख पटवून पाकीट पुन्हा सुरू करा. तुमच्या नावे नवी किल्ली तयार होते, जुनी रद्द होते, आणि शिल्लक तशीच मिळते. उशीर करू नका, कारण पिन कोणी बघितला असेल तर गोठवण्याआधी झालेला खर्च परत मिळवणं कठीण जातं. ऑफलाइन कप्प्यातला पैसा मात्र चिपसोबत गेला. डिजिटल युरोच्या प्रस्तावात ऑफलाइन व्यवहाराचा तपशील फक्त देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला माहीत असावा असं म्हटलं आहे, म्हणजे रोख पैशाइतका खासगीपणा. त्याची किंमतही रोखीचीच आहे. हरवलेल्या चिपमध्ये नेमके किती उरले होते हे कोणालाच ठाऊक नसेल, तर भरून तरी किती द्यायचे? ज्या रचनांत नोंदी वरचेवर जुळवल्या जातात, तिथे काही काळाने उरलेली रक्कम परत देणं शक्य होतं, पण मग तेवढा खासगीपणाही कमी होतो. दोन्ही पूर्णपणे एकत्र मिळत नाहीत. कोणी मिळतं म्हणत असेल तर त्याला कसं ते विचारा.

म्हणून ऑफलाइन कप्प्यात हरवली तरी महिना कोलमडणार नाही एवढीच रक्कम ठेवा, साधारण एक-दोन दिवसांच्या किरकोळ खरेदीपुरती. बाकी ऑनलाइन कप्प्यात असू द्या. फोन बदलताना, विकताना किंवा दुरुस्तीला देताना आधी ऑफलाइन कप्पा रिकामा करून रक्कम ऑनलाइन कप्प्यात हलवा, 'अपूर्ण व्यवहार' शिल्लक नाही ना हे बघा, आणि मगच फोन पुसा. नवीन फोनवर बॅकअप घेतला की सगळं आपोआप येईल असं धरून चालू नका. चिपमधली शिल्लक बॅकअपमध्ये जात नाही. ती गेली असती, तर तेच पैसे दोन फोनमध्ये आले असते.